पावसाळ्यात बेसमेंट पार्किंगमधलं पाणी काढणं: संप आणि पंपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः एका तळघराचं पार्किंग असलेल्या मुंबईतल्या सोसायट्यांसाठी आहे. पायाच्या खड्ड्यात पाणी साचलं असेल तर काय वेगळं करायचं, त्याचा प्रश्न शेवटाकडे घेतला आहे. सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: ४० मीटर बाय ३० मीटरचं बेसमेंट, म्हणजे १,२०० चौरस मीटर. त्याची फरशी रस्त्यापासून साडेतीन मीटर खाली आहे आणि उतरायला ६ मीटर रुंद, २४ मीटर लांब असा उघडा रॅम्प आहे. तुमची मापं वेगळी असतील, पण हिशोबाची रीत हीच राहील.

पंप असूनही बेसमेंट का भरतं?

बहुतेक वेळा बेसमेंट ज्या पाण्याने भरतं, ते पाणी काढण्यासाठी तो पंप बसवलेलाच नसतो. बेसमेंटमध्ये पाणी तीन वाटांनी येतं. रॅम्पवर आणि हवेसाठी ठेवलेल्या उघड्या झरोक्यांवर थेट पडणारा पाऊस ही पहिली वाट. भिंतीतून आणि फरशीच्या सांध्यातून झिरपणारं पाणी ही दुसरी. रस्ता तुंबल्यावर रॅम्पच्या तोंडावरून आत कोसळणारं पाणी ही तिसरी. पहिल्या दोन वाटांचं पाणी संप, म्हणजे फरशीखाली पाणी गोळा करायचा खड्डा, आणि त्यातला पंप आरामात सांभाळतात. तिसरीपुढे सोसायटीला परवडेल असा कोणताही पंप टिकत नाही.

आकड्यांत बघा. आपल्या उदाहरणात पाऊस ताशी १०० मिमी वेगाने कोसळतोय आणि पंप बंद पडलाय, असं धरू. रॅम्पचं आणि झिरपण्याचं मिळून मिनिटाला साधारण ३९० लिटर पाणी येतं (हा आकडा कसा आला ते पुढे आहे). संप सहा-सात मिनिटांत भरेल, पण त्यानंतर पाणी १,२०० चौरस मीटरवर पसरतं आणि तासाला जेमतेम दोन सेंटीमीटर चढतं. तेवढ्या वेळात वायरमन बोलावता येतो, गाड्या बाहेर काढता येतात.

आता रस्त्यावर पाणी साचलंय आणि ते ६ मीटर रुंद रॅम्पच्या माथ्यावरून फक्त १० सेंटीमीटर जाडीने आत येतंय, असं समजा. हे पाणी मिनिटाला सुमारे १९,००० लिटर होतं. बेसमेंटमध्ये दर मिनिटाला दीड सेंटीमीटरहून जास्त चढतं, म्हणजे तासाभरात जवळपास एक मीटर. मिनिटाला ५०० लिटर काढणारा पंप चालू असो की बंद, इथे काही फरक पडत नाही. म्हणून पंपावर खर्च करण्याआधी रॅम्पच्या माथ्यावर खर्च करा.

रस्त्याचं पाणी रॅम्पवरून आत येऊ नये म्हणून काय करायचं?

रॅम्प खाली उतरण्याआधी थोडा वर चढला पाहिजे. हा उंचवटा रस्त्यापेक्षा किती उंच हवा हे तुमच्या गल्लीत आजवर पाणी कुठपर्यंत चढलं त्यावर ठरतं. जुन्या रहिवाशांना विचारा, कंपाउंडच्या भिंतीवरचे डाग बघा, आणि त्या खुणेपेक्षा वर राहील एवढा उंचवटा मिळवायचा प्रयत्न करा. गाडीचं पोट घासू नये म्हणून चढ लांबवर पसरवावा लागतो. त्यामुळे बऱ्याच जुन्या इमारतींत २० ते ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त उंची मिळत नाही. दर काही वर्षांनी रस्त्याचं काँक्रीटीकरण होतं आणि रस्ता वर येतो, तसा तुमचा उंचवटा कमी होतो, हेही लक्षात ठेवा. रस्त्याचं काम झालं की पुन्हा लेव्हल घ्यायची.

उरलेल्या उंचीसाठी रॅम्पच्या दोन्ही बाजूंना भिंतीत खाचा बसवून त्यात सरकवायच्या अॅल्युमिनियमच्या फळ्या मिळतात. त्यांच्या खालच्या आणि बाजूच्या कडांना रबर असतं. त्या बसवायला दोन माणसं आणि थोडी सवय लागते, म्हणून रात्रपाळीच्या वॉचमनकडूनही जूनच्या आधी एकदा बसवून घ्या. फळ्या नसतील तर वाळूच्या गोण्या चालतात, पण त्या नुसत्या ओळीत टाकून भागत नाही. गोणी दोन तृतीयांशच भरायची, म्हणजे ती पसरून शेजारच्या गोणीला चिकटते. विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे आणि पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक पसरून त्याची खालची कड पहिल्या थराखाली दाबायची. गच्च भरलेल्या गोण्यांमधून पाणी सुसाट येतं.

रॅम्पच्या माथ्याला आणि पायथ्याला आडवं, लोखंडी जाळीचं गटर हवंच. माथ्याचं गटर कंपाउंडचं पाणी अडवून बाहेर वळवतं, पायथ्याचं गटर रॅम्पचं पाणी संपाकडे नेतं. ती जाळी उचलून खालचा गाळ काढलेला नसेल तर पाणी जाळीवरून उडी मारून थेट गाड्यांखाली पसरतं आणि संप मात्र अर्धा रिकामा राहतो.

पंप किती लिटरचा लागेल, हे कसं काढायचं?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. सगळा हिशोब एवढ्यावर उभा आहे.

आधी पाणी गोळा करणारं क्षेत्र मोजा. रॅम्प ६ × २४ म्हणजे १४४ चौरस मीटर. उघडे झरोके चार, प्रत्येकी ६ चौरस मीटर, म्हणजे २४. रॅम्पच्या एका अंगाला इमारतीची २४ मीटर लांब, ४ मीटर उंच भिंत आहे. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तिच्यावर आपटून रॅम्पवर उतरतो. अशा भिंतीचं निम्मं क्षेत्र धरायची पद्धत आहे, म्हणजे ४८. एकूण २१६ चौरस मीटर. ही भिंत हिशोबात धरायची बरेच जण विसरतात, आणि मुंबईचा पाऊस तर सरळ कधी पडतच नाही.

मग पावसाचा वेग. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसासाठी बांधलेल्या होत्या. त्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ते माप ५० मिमी धरलं गेलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, म्हणजे सरासरी ताशी ४० मिमीच्या आत. पण पाऊस असा सारखा वाटून पडत नाही, त्या दिवशीही बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. रॅम्पसारख्या छोट्या जागेला पाच-दहा मिनिटांची जोरदार सरही पुरते, म्हणून आम्ही ताशी १०० मिमी धरतो. २१६ गुणिले १०० म्हणजे ताशी २१,६०० लिटर, मिनिटाला ३६०.

त्यात झिरपणारं पाणी मिळवायचं, आणि ते अंदाजाने न धरता मोजायचं. भर पावसाळ्यात, पण पाऊस थांबलेला असताना पंप बंद करा आणि संपातली पातळी दहा मिनिटांत किती चढते ते बघा. आपला संप २ मीटर बाय दीड मीटर आहे, म्हणजे ३ चौरस मीटर. दहा मिनिटांत १० सेंटीमीटर चढलं तर ३०० लिटर आले, म्हणजे मिनिटाला ३०. दोन्ही मिळून ३९०. पंप झिजतो, जाळीत कचरा येतो, म्हणून पाव हिस्सा वर धरा: ४९० आले, सोयीसाठी ५०० लिटर प्रति मिनिट.

दुकानदार म्हणतो, ‘हा ९०० लिटरचा आहे, घेऊन जा.’ घ्यावा का?

पंपाच्या प्लेटवर दोन मोठे आकडे असतात, जास्तीत जास्त डिस्चार्ज, म्हणजे मिनिटाला किती पाणी, आणि जास्तीत जास्त हेड, म्हणजे किती उंचीपर्यंत. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. ९०० लिटर तेव्हाच, जेव्हा पाणी जवळजवळ उचलायचंच नसतं. आणि जेवढं कमाल हेड लिहिलंय त्या उंचीवर पंपातून थेंबही बाहेर पडत नाही. त्यामुळे दुकानात विचारायचं ते असं: ‘९ मीटर हेडला मिनिटाला किती लिटर देतो? कर्व्ह दाखवा.’

९ मीटर कुठून आले? संपाचा तळ फरशीच्या दीड मीटर खाली, म्हणजे रस्त्याच्या ५ मीटर खाली आहे. पंप बंद होताना संपात ३० सेंटीमीटर पाणी राहतं, म्हणून उचल ४.७ मीटर. पाइप रस्त्याच्या वर ८० सेंटीमीटरचा वळसा घेऊन मग चेंबरमध्ये उतरतो (का, ते पुढे). झाले साडेपाच मीटर. त्यात पाइपातल्या घर्षणाचे दोन ते साडेतीन मीटर धरले की साधारण ९. एवढ्या कामाला २ एचपीचा पंप जेमतेम पुरतो, म्हणून ३ एचपी घ्यावा.

घर्षणाचा आकडा पाइपाच्या व्यासावर किती अवलंबून आहे हे एकदा पाहिलं की विसरत नाही. आपली पाइपलाइन ३० मीटरची आहे. बेंड आणि व्हॉल्व्ह यांचे मिळून २० मीटर वाढवले की ५० मीटर. त्यातून मिनिटाला ५०० लिटर न्यायचे असतील, तर ३ इंची नव्या पीव्हीसी पाइपात सुमारे २ मीटर हेड खर्च होतं, जुन्या गंजलेल्या जीआय पाइपात तीनच्या पुढे. तेच पाणी २ इंची पाइपातून न्यायचं म्हटलं तर एकट्या घर्षणात सुमारे २० मीटर जातात. म्हणजे पाइप २ इंची असेल, तर नवा पंप आणूनही पाणी आधीच्याइतकंच येणार. बिल वाढेल, पाणी वाढणार नाही.

संप किती मोठा हवा आणि फ्लोट कुठे लावायचे?

संप फार लहान असेल तर पंप मिनिटा-मिनिटाला चालू-बंद होतो. प्रत्येक वेळी चालू होताना मोटर कित्येक पट करंट खेचते आणि तापते. तासाला सहापेक्षा जास्त वेळा चालू व्हायला नको असं धरा. पंपाच्या निम्म्या वेगाने पाणी येत असतं तेव्हा पंप सगळ्यात जास्त वेळा चालू-बंद होतो. त्या स्थितीसाठी हिशोब केला तर ५०० लिटरच्या पंपाला ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन पातळ्यांमध्ये निदान १,२५० लिटर पाणी मावायला हवं. आपल्या ३ चौरस मीटरच्या संपात ते ४२ सेंटीमीटर होतात.

म्हणून तळापासून मोजत पातळ्या अशा: ३० सेंटीमीटरला पंप बंद, ७५ला पहिला पंप चालू, ९५ला दुसराही चालू, ११०ला भोंगा. फरशी १५०ला आहे, म्हणजे भोंगा वाजल्यावरही हातात ४० सेंटीमीटर राहतात. भोंगा वॉचमनच्या केबिनमध्ये वाजला पाहिजे. बेसमेंटमध्येच वाजणारा भोंगा रात्री दोन वाजता कोणालाच ऐकू जात नाही.

फ्लोट म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच. तो मोकळा हलला पाहिजे. त्याची वायर पंपाच्या केबलला गुंडाळली जाते किंवा फ्लोट पाइपामागे अडकतो आणि पंप कधी चालूच होत नाही, कधी बंदच होत नाही. संपात ४ इंची पीव्हीसी पाइप उभा बसवून, त्याला खाली-वर भोकं पाडून पातळीचे सेन्सर त्यात टाकले तर कचरा आणि हेलकावे दोन्हींपासून ते वाचतात. लोंबता फ्लोट वापरत असाल तर तो पाणी पडण्याच्या जागेपासून लांब, स्वतंत्र दांडीवर बांधा.

एक पंप पुरेल का?

नाही. तेवढ्याच ताकदीचे दोन हवेत आणि पॅनेलने ते आळीपाळीने चालवावेत. ‘स्टँडबाय’ म्हणून तीन वर्षं नुसता पाण्यात बसलेला पंप गरजेच्या दिवशी जाम निघतो.

वीज जाणं हे पंप बंद पडण्याचं सगळ्यात साधं कारण आहे. जनरेटर असेल तर संपाचे पंप लिफ्टच्या बरोबरीने त्यावर जोडलेले आहेत का ते प्रत्यक्ष मेन बंद करून बघा. नुसतं ड्रॉइंगवर बघून चालत नाही. पॅनेल आणि जनरेटर दोन्ही तळमजल्यावर, पुराच्या खुणेच्या वर असावेत. बेसमेंटच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला लावलेलं पॅनेल हे सर्रास दिसतं. पाणी चढलं की सगळ्यात आधी तेच बुडतं, आणि पंप ठणठणीत असूनही चालवता येत नाही.

डिझेल पंप भाड्याने आणून वर ठेवला तर चालेल?

एका बेसमेंटला चालेल. वर ठेवलेला पंप पाणी ओढून घेतो, आणि ओढण्याची मर्यादा हवेच्या दाबावर ठरते. पुस्तकात ती १०.३ मीटर आहे, प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या पुढे भरवसा नाही. सक्शनचा होज कडक, आतून रिंग असलेला हवा आणि जोड हवाबंद हवेत. एका जोडातून हवा आत गेली तरी पंप घरघर करतो आणि पाणी येत नाही. दोन बेसमेंट असतील तर रस्त्यावरच्या डिझेल पंपाने खालचं पाणी ओढलं जाणार नाही, तिथे पाण्यात बुडवून चालवायचा सबमर्सिबलच लागतो.

पेट्रोल किंवा डिझेलचं कोणतंही इंजिन बेसमेंटमध्ये उतरवू नका. रॅम्पच्या अर्ध्यावरही नको. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि बंद जागेत तो काही मिनिटांत माणूस आडवा करतो.

पंपाचं पाणी कुठे सोडायचं? भरतीचा काय संबंध?

पर्जन्यजलवाहिनीच्या चेंबरमध्ये. मलनिःसारणाच्या लाइनमध्ये सोडू नका, भर पावसात ती आधीच भरलेली असते आणि तळमजल्यावरच्या शौचालयांतून उलटी येते.

मुंबईतलं पावसाचं पाणी शेवटी समुद्रात किंवा खाडीत जातं. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी अनेक नाल्यांच्या तोंडापेक्षा वर असते, त्यामुळे पाणी मागे साचतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध ही पालिकेची उदंचन केंद्रं त्यासाठीच आहेत. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एका वेळी आले की तुमच्या गल्लीतलं चेंबर काठोकाठ भरतं. मग तुमचा पंप बंद होताच तेच पाणी पाइपातून उलटं संपात येऊ लागतं.

त्यावर दोन गोष्टी लागतात. प्रत्येक पंपाच्या पाइपवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, आणि पाइपाला रस्त्याच्या वर घेतलेला वळसा. एनआरव्हीत प्लास्टिकची पिशवी अडकून तो उघडाच राहू शकतो, वळसा मात्र कधी नादुरुस्त होत नाही. वळशाच्या माथ्यावर हवेचा छोटा व्हॉल्व्ह ठेवा, नाहीतर भरलेला पाइपच सायफन होऊन पाणी मागे ओढेल. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच भरतीचं वेळापत्रक वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. मोठ्या भरतीआधी फळ्या रॅम्पपाशी काढून ठेवायच्या आणि संप रिकामा करून ठेवायचा.

पाणी लवकर जावं म्हणून रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईत जीव गेला आहे. पालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवा.

पंप चालू आहे, आवाजही येतोय, पण पाणी उतरत नाही. कुठून बघायचं?

आधी चेंबरमध्ये बघा, पाइपाच्या तोंडातून पाणी पडतंय का. धो-धो पडत असेल तर पंप ठीक आहे आणि येणारं पाणी जास्त आहे, किंवा एनआरव्ही उघडा राहून पाणी दुसऱ्या बंद पंपाच्या पाइपातून पुन्हा संपात पडतंय. दुसरी गोष्ट संपात टॉर्च मारली की दिसते: बंद पंपाभोवती पाणी ढवळलेलं असतं.

धार बारीक असेल आणि नुकतंच पॅनेलचं किंवा केबलचं काम झालं असेल, तर पंप उलटा फिरतोय का पाहा. थ्री फेज मोटर उलटी फिरली तरी थोडं पाणी देते, म्हणून चूक लपते. वायरमनने कोणत्याही दोन फेज बदलल्या की धार लगेच फुगते.

पाणी अजिबात येत नसेल आणि पंप नुकताच रिकाम्या संपात पुन्हा बसवला असेल, तर बहुधा पंपात हवा अडकली आहे. एनआरव्ही वरच्या पाण्याच्या भाराने बंद असतो आणि खालची हवा तो उघडू शकत नाही. पंप आणि एनआरव्ही यांच्यामधल्या पाइपाला ५-६ मिमीचं एक भोक पाडायचं. त्यातून चालू असताना थोडं पाणी फवारतं, ते फवारू द्या.

यापैकी काही नसेल तर पंप वर घ्या. आधी मेन बंद, आणि पंप साखळीने उचला, केबलला धरून कधीच नाही. केबल ओढली की आत शिरण्याच्या जागचं रबर सैल होतं आणि पुढच्या वेळी पाणी मोटरमध्ये जातं. बहुतेक वेळा जाळीला गुटख्याच्या पुड्या, पानं आणि गाडी पुसायचं फडकं गुंडाळलेलं असतं.

पावसाळ्याआधी नेमकी काय चाचणी घ्यायची?

बटण दाबून ‘आवाज आला, चालू आहे’ ही चाचणी नव्हे. मे महिन्यात संपातला गाळ काढा, फायर हायड्रंटच्या होजने संप ७५ सेंटीमीटरच्या वर भरा आणि होज बंद करा. फ्लोटने पंप आपोआप चालू झाला पाहिजे. पाणी ७५वरून ३०वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. आपल्या संपात ते १,३५० लिटर होतात, म्हणून ५०० लिटरच्या पंपाला २ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास लागायला हवीत. पाच मिनिटं लागली तर पंप २७० लिटरच देतोय: पंपातलं पाणी फेकणारं चक्र, म्हणजे इंपेलर, झिजलाय, जाळी तुंबलीय किंवा पाइप आतून गंजलाय. ही वेळ पॅनेलच्या दारावर तारखेसह लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तुलना करता येते.

वायरमनकडून मेगर लावून मोटरचं इन्सुलेशन मोजून घ्या, ते १ मेगाओमच्या खाली असेल तर तो पंप पाण्यात सोडू नका. सील चेंबरचं तेल दुधी दिसलं तर सील गेलं आहे. पंपाच्या लाइनवर करंट गळला की वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर असलाच पाहिजे. एक फेज गेली की उरलेल्या दोनवर मोटर गुरगुरत राहते आणि काही वेळात जळते.

गाळ काढायला माणूस आत उतरवायची वेळ आली तर आधी झाकणं पूर्ण उघडा, ब्लोअरने हवा द्या, आणि गॅस तपासल्याशिवाय कोणालाही उतरवू नका. कुजलेल्या गाळाखाली विषारी वायू असतो. शक्य असेल तर सक्शनच्या गाडीनेच गाळ काढा.

बांधकामाच्या खड्ड्यालाही हेच लागू होतं का?

पंपाचा हिशोब तोच, पण खड्डा सगळा उघडा असल्याने पूर्ण क्षेत्र धरायचं. पंप चिखलाचं पाणी काढणारा मड पंप हवा. संप खड्ड्याच्या कोपऱ्यात, पायाच्या जागेबाहेर खणायचा, त्यात भोकं पाडलेला ड्रम उभा करून भोवती खडी भरायची आणि पंप ड्रममध्ये सोडायचा.

यात दोन धोके बेसमेंटपेक्षा वेगळे आहेत. पहिला, पाण्याबरोबर माती निघून जाणं. भरावाच्या किंवा रेताड जमिनीत पंप जोरात चालवला की शेजारच्या इमारतीखालची बारीक माती वाहून येते. ओळखायचं असं: पाऊस थांबल्यावर रोज सकाळी पंपाच्या तोंडाचं पाणी एका पारदर्शक बाटलीत भरून ठेवा आणि तासाने तळाशी किती गाळ बसला ते आदल्या दिवशीच्या बाटलीशेजारी ठेवून बघा. गाळ कमी होत गेला तर ठीक. तितकाच राहिला किंवा वाढला तर पंप कमी करा, खडीचा फिल्टर सुधारा आणि शेजारच्या कंपाउंड वॉलला नव्या भेगा पडल्यात का तपासा. हे गढूळ पाणी थेट चेंबरमध्ये न सोडता आधी गाळ बसवायच्या टाकीतून न्यायचं.

दुसरा धोका राफ्ट, म्हणजे पायाची सलग काँक्रीटची लादी, झाल्यावर पंप लवकर बंद करण्याचा. भूजल राफ्टच्या तळापेक्षा एक मीटर वर असेल तर ते दर चौरस मीटरला एक टन जोराने राफ्ट वर ढकलतं. ६० सेंटीमीटर जाडीच्या राफ्टचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला दीड टन असतं, म्हणजे पाणी दीड मीटर चढलं की तोल बरोबरीत येतो आणि त्यापुढे राफ्ट उचलली जाऊ शकते. वरचे मजले चढून पुरेसं वजन येईपर्यंत पंप चालू ठेवावा लागतो. तो कधी बंद करायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगावं, कंत्राटदाराच्या डिझेलच्या बिलावरून ते ठरू नये.

बेसमेंट भरलंच, आता काय?

पाण्यात पाय ठेवण्याआधी बेसमेंटची सगळी वीज तळमजल्यावरून तोडा. लाइट, चार्जिंग पॉइंट, लिफ्ट, सगळी. लिफ्टची गाडी आधीच वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. पार्किंगमधली आपली गाडी काढायला कोणालाही उतरू देऊ नका. रॅम्पवरून पाणी येत असताना खालून वर चढणं फार अवघड असतं, आणि दार पाण्याच्या दाबाने उघडतच नाही.

रस्त्याचं पाणी रॅम्पच्या माथ्याखाली उतरल्याशिवाय उपसा सुरू करून उपयोग नाही. मग किती वेळ लागेल याचा हिशोब करून पंप मागवा: आपल्या बेसमेंटमध्ये एक मीटर पाणी म्हणजे १२ लाख लिटर. मिनिटाला ५०० लिटरने ते ४० तास चालेल. मिनिटाला २,००० लिटरचा भाड्याचा पंप १० तासांत काढेल.

पण फार घाईही करू नका. बाहेरची जमीन भिजून फुगलेली असते आणि आतलं पाणी भिंतींना आतून टेकू देत असतं. भिंती जुन्या किंवा विटांच्या असतील तर ३० सेंटीमीटर उतरवा, भिंतीवर खडूने रेघ मारा, पंप बंद करून दोन-तीन तास थांबा. पाणी पुन्हा रेघेच्या वर आलं तर बाहेरचा दाब अजून जास्त आहे. तेव्हा थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. रेघ जागेवर राहिली तर पुढचा टप्पा घ्या.

पाणी निघाल्यावर बुडालेली कोणतीही गाडी ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी फिरवून बघू नका. इंजिनात पाणी असेल तर पहिल्याच फेरीत कनेक्टिंग रॉड वाकतो. ती टो करून बाहेर न्या. बुडालेली इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावू नका आणि कंपनीच्या माणसाने तपासेपर्यंत इमारतीपासून दूर, उघड्यावर ठेवा.